उतारा लवकर संपविणाऱ्यांचे करावयाचे काय?

मराठीच्या तासाला शिक्षक फळ्यावर पृष्ठक्रमांक लिहितात, मुलांना उतारा मनात वाचावयास सांगतात आणि त्याखालील पाच प्रश्न वहीत सोडविण्यास फर्मावतात. तास पस्तीस मिनिटांचा असतो. दहा मिनिटे होतात न होतात तोच दुसऱ्या बाकावरून एक हात वर येतो : "सर, झालं." वर्गातील निम्मी मुले त्या वेळी दुसऱ्या परिच्छेदात असतात आणि चार-सहा मुले पहिल्याच ओळीवर बोट ठेवून अक्षरे जुळवीत असतात. ज्याचे झाले त्याच्यापुढे मात्र पंचवीस मिनिटे मोकळी पडलेली असतात. या पंचवीस मिनिटांत त्याला काय द्यावयाचे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. तो तसा नाही, हे प्रस्तुत लेखकास एका विद्यार्थिनीने शिकविले.

सातवीच्या वर्गातील ही मुलगी दररोज सर्वांच्या आधी हात वर करी. "झाले? मग आता खालील दहा शब्दांचे वाक्यांत उपयोग कर," असे मी सांगे. दुसऱ्या दिवशी समानार्थी शब्द, तिसऱ्या दिवशी तोच उतारा सुवाच्य अक्षरांत उतरवून काढणे. ती निमूटपणे करी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तिचा हात वर येईनासा झाला. घंटा होता होता तिचे पाचवे उत्तर संपे. प्रथम वाटले, प्रकृती बरी नसावी. एके दिवशी विचारले, तेव्हा ती कसलाही आविर्भाव न आणता म्हणाली, "सर, लवकर झालं की तुम्ही आणखी देता."

मजुराने खड्डा लवकर खणला म्हणून त्याच मजुरीत त्याला दुसरा खड्डा खणावयास लावला, तर तिसऱ्या दिवशी त्याची कुदळ हळू चालू लागेल. त्याला कोणी आळशी म्हणणार नाही. शहाणा म्हणतील. माझ्या वर्गात त्या मुलीने हाच शहाणपणा शिकून घेतला होता. जलद आणि नीट वाचण्याचे पारितोषिक म्हणजे अधिक कंटाळा, हा धडा पाठ्यपुस्तकात नव्हता. तो मी दिला होता.

रूढ उपाय आणि त्यांतील उणीव

आपल्याकडे अशा वेळी सामान्यतः तीन गोष्टी केल्या जातात. पहिली वर सांगितलीच : त्याच जातीचे आणखी काम. दुसरी म्हणजे त्या मुलास शेजारच्याला समजावून सांगण्यास बसविणे. ही गोष्ट अधूनमधून चांगली आहे. दुसऱ्यास सांगताना स्वतःचे समजणे पक्के होते. परंतु ती रोजची झाली की हुशार मूल हे बिनपगारी शिक्षक होऊन बसते, आणि शेजाऱ्यास उत्तर समजण्याऐवजी उत्तर मिळू लागते. तिसरी गोष्ट म्हणजे कपाटातील एखादे पुस्तक हाती देणे. अवांतर वाचनास कोणाचाच विरोध असू नये. पण दहा मिनिटांपूर्वी जो उतारा मुलाने वाचला त्याचा विषय तेथेच संपला, तो आता जुना झाला, असे या देण्यातून नकळत सांगितले जाते. उतारा म्हणजे त्याखालील पाच प्रश्नांची उत्तरे, याहून अधिक त्यात काही नाही, ही समजूत दृढ होते.

माझे म्हणणे असे की, लवकर संपविणाऱ्या वाचकास जे पुढचे काम द्यावयाचे ते त्याला त्याच उताऱ्याकडे परत नेणारे असावे. ते लांबीने मोठे असण्याचे कारण नाही. मात्र ते करताना पहिल्या वाचनात निसटलेले काही हाती लागले पाहिजे.

त्यापूर्वी एक खबरदारी आवश्यक आहे. लवकर संपविणारा प्रत्येक जण चांगला वाचक असतोच असे नाही. पुष्कळ मुले प्रश्न आधी वाचतात, प्रश्नातील एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उत्तर म्हणून उतरवितात. उत्तर बरोबर येते, वाचन झालेलेच नसते. उलट काही मुले मनापासून वाचतात, पण त्यांचा हात सावकाश चालतो, म्हणून ती मागे राहिल्यासारखी दिसतात. दोहोंतील फरक ओळखण्यास दोन मिनिटे पुरतात. वही व पुस्तक दोन्ही मिटावयास सांगावे आणि उताऱ्यात काय आहे ते तीन वाक्यांत तोंडी विचारावे. शब्द शोधणारा अडखळतो किंवा पहिल्या दोन ओळीच सांगत राहतो. खरा वाचक शेवटाचा उल्लेख केल्यावाचून राहत नाही. या चाचणीत जो अडखळेल त्याला पुढचे काम न देता तोच उतारा पुन्हा वाचावयास सांगणे योग्य.

एक उतारा घेऊन पाहू

हे सारे हवेत राहू नये म्हणून एक लहानसा उतारा समोर घेऊ. वर्गात वापरण्यासाठी मी तो स्वतःच लिहिला होता.

"नदीवरील पुलाचे उद्घाटन झाले त्या दिवशी गावात पेढे वाटण्यात आले. सरपंचांनी फीत कापली, शाळेतील मुलांनी लेझीम खेळून दाखविले. त्यापूर्वी पैलतीरावर जायचे तर धोंडूच्या नावेवाचून गत्यंतर नसे. पावसाळ्यात पाणी चढले की नाव बंद राही आणि पैलतीरावरील मुलांची शाळा आठवडा आठवडा बुडे. रात्री कोणी आजारी पडले तर दवाखान्यात नेण्यासाठी सकाळची वाट पाहावी लागे. पूल झाला आणि ही सारी अडचण संपली. बाजारच्या दिवशी आता गाड्या पुलावरून सरळ जातात. धोंडूने त्या दिवशीही पहाटे उठून नाव धुतली, वल्ही पुसून ठेवली आणि तो काठावर बसून राहिला. संध्याकाळी कोणीतरी त्याला पेढा नेऊन दिला. त्याने तो खाल्ला नाही; धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेला."

याखाली नेहमीचे प्रश्न असे येतील : पूल होण्यापूर्वी लोक नदी कशी ओलांडीत? पैलतीरावरील मुलांची शाळा का बुडत असे? धोंडूला संध्याकाळी काय मिळाले? 'पैलतीर' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता? सातवीतील चांगला वाचक ही उत्तरे आठ-दहा मिनिटांत लिहून मोकळा होतो. उत्तरे सर्व बरोबर असतात. आणि तरीही उताऱ्यातील धोंडू त्याला भेटलेला नसतो.

यापुढे द्यावयाच्या कामांचे तीन प्रकार मी येथे सांगतो. पुष्कळ वापरून पाहिल्यावर माझ्याजवळ टिकून राहिले ते हेच तीन.

पहिले काम : प्रश्न काढणे

उत्तरे देणाऱ्यास प्रश्न काढावयास सांगावे, ही कल्पना नवी नाही. पण नुसते "तीन प्रश्न तयार कर" असे सांगितले तर मूल पाच मिनिटांत तिन्ही प्रश्न एकाच साच्याचे काढून आणते : धोंडूने काय धुतले? धोंडूने काय पुसले? फीत कोणी कापली? म्हणून प्रश्नांच्या जाती आधी ठरवून द्याव्या लागतात. टॅफी राफाएल या अमेरिकन अभ्यासिकेने मुलांना शिकविण्यासाठी एक वर्गीकरण मांडले. प्रश्नाचे उत्तर कोठे सापडते, यावरून तिने प्रश्नांचे चार प्रकार केले. काहींचे उत्तर एका जागी, बोट ठेवता येईल असे असते. काहींचे उत्तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून मिळते. काहींचे उत्तर लिहिलेले नसते. लेखकाने दिलेल्या खुणा आणि वाचकाची समज यांच्या मिळणीतून ते निघते. आणि काहींचे उत्तर उतारा न वाचताही देता येते.

मुलास सांगावयाचे ते एवढेच : पहिल्या तीन प्रकारांचा प्रत्येकी एक प्रश्न काढ, चौथ्या प्रकारचा काढू नकोस, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर ज्यावरून निघते ते शब्द उताऱ्यातून उचलून लिही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

पहिला प्रश्न सर्वांना जमतो. दुसऱ्या प्रश्नापाशी मूल थबकते. "पुलामुळे कोणाकोणाचा फायदा झाला?" असा प्रश्न कोणी काढतो, आणि पुरावा शोधताना त्याला दिसते की, शाळेची मुले एका वाक्यात आहेत, आजारी माणसे दुसऱ्यात आणि बाजारकरी तिसऱ्यात. तिसऱ्या प्रश्नापाशी खरी कसोटी लागते. बहुतेकांचा पहिला प्रयत्न "धोंडूला वाईट वाटले का?" असा असतो. या प्रश्नाचे उत्तर 'हो' या एका अक्षराने देता येते, तेव्हा तो परत करावा आणि "ज्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही असा कर" एवढेच सांगावे. एका मुलाने त्यानंतर जो प्रश्न आणला तो असा : "धोंडूने पेढा खाल्ला नाही, तर मग टाकून का दिला नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मलाही एकदम देता आले नाही. पेढा खाणे म्हणजे आनंदात सामील होणे, ते त्याला जमले नाही. पण टाकून देणे म्हणजे गावावर रागावणे, तेही त्याने केले नाही. मुलांची शाळा बुडत होती हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? घरी पेढा खाणारे कोणी लहान मूल असेल, असेही एकाने सुचविले. यास उताऱ्यात पुरावा कोणता, असे विचारताच तो म्हणाला, "'घरी नेला' हा." पुरावा पुरेसा नाही, पण पुरावा म्हणजे काय हे त्याला कळले होते.

दुसरे काम : मोजक्या शब्दांत सांगणे

सारांशलेखन आपल्या शाळांत पूर्वीपासून आहे. उताऱ्याचा एकतृतीयांश संक्षेप करण्याची सवय मुलांना लावली जाते, आणि ती पुष्कळदा प्रत्येक तीन वाक्यांतील दोन वाक्ये गाळण्याची सवय होऊन बसते. १९८३ साली ॲन ब्राउन आणि जीन डे या दोन अभ्यासिकांनी निरनिराळ्या वयांचे विद्यार्थी संक्षेप कसा करतात याचे निरीक्षण केले. अनावश्यक मजकूर गाळणे लहान मुलांनाही जमते. मात्र उताऱ्यात कोठेही न लिहिलेले असे मुख्य आशयाचे वाक्य स्वतः रचणे सर्वांत उशिरा आणि सर्वांत कष्टाने जमते, असे त्यांना आढळले. म्हणजे पुढच्या वाचकास काम द्यावयाचे ते नेमके येथे. त्याला गाळण्याची सोयच उरणार नाही इतकी शब्दमर्यादा कमी करावयाची.

आमच्या उताऱ्यासाठी ही मर्यादा पंधरा शब्दांची होती. अट अशी की, एकच वाक्य लिहावयाचे आणि उताऱ्यातील कोणतेही वाक्य जसेच्या तसे घ्यावयाचे नाही. एका विद्यार्थ्याने लिहिले : "पूल झाल्यामुळे गावाची पुष्कळ दिवसांची अडचण दूर झाली." दुसरीने लिहिले : "पूल झाला, गावाची अडचण संपली; धोंडूचे काम मात्र त्याच दिवशी संपले." दोन्ही मर्यादेत बसतात. पहिल्यात चूक काही नाही, पण उताऱ्याची शेवटची तीन वाक्ये त्यात मावत नाहीत. त्या मुलास एवढेच विचारले, "तुझ्या वाक्यात न बसणारी वाक्ये उताऱ्यात किती आहेत ती मोज." त्याने मोजली आणि न सांगता आपले वाक्य खोडले.

संक्षेप बरा की वाईट हे ठरविण्याचे हे साधे माप आहे. उताऱ्यातील एकेक वाक्य घ्यावे आणि ते संक्षेपाच्या वाक्याखाली येते का, हे पाहावे. एखादे सुटे वाक्य बाहेर राहिले तर चालते. एक अख्खे पात्र बाहेर राहिले तर मुलाने उतारा अर्धाच वाचला आहे. हे माप मूल स्वतः लावू शकते. शिक्षकाने शेजारी उभे राहण्याची गरज पडत नाही.

तिसरे काम : एक शब्द बदलून पाहणे

तिसरे काम मराठी भाषेच्या स्वभावाला विशेष मानवणारे आहे. उताऱ्यातील एखादा लहानसा शब्द काढावयाचा किंवा बदलावयाचा आणि अर्थात काय फरक पडला ते दोन वाक्यांत लिहावयाचे. शब्द शिक्षकाने निवडून द्यावा, आणि तो अवघड नसावा. अवघड शब्दांचे अर्थ कोशात मिळतात. ज्या शब्दांकडे कोणी बघत नाही त्यांत वाक्याचा जीव असतो.

'धोंडूने त्या दिवशीही पहाटे उठून नाव धुतली' यातील 'ही' हे एकच अक्षर काढा. 'त्या दिवशी नाव धुतली' याचा अर्थ, उद्घाटनासाठी त्याने खास नाव स्वच्छ केली असाही होऊ शकेल. 'ही' आला की मागचे सारे दिवस वाक्यात येतात : तो रोज धूत होता, आणि ज्या दिवशी कोणी नावेत बसणार नव्हते त्या दिवशीही त्याने ती धुतली. 'काठावर बसून राहिला' याऐवजी 'काठावर बसला' असे लिहा. 'बसला' ही एक क्रिया झाली, ती एका क्षणात संपते. 'बसून राहिला' म्हटले की तास जातात, कोणी येत नाही आणि उठण्याचे कारण घडत नाही. आपल्या संयुक्त क्रियापदांतील हे सामर्थ्य मुले व्याकरणाच्या तासाला व्याख्येच्या रूपाने पाठ करतात. येथे ते त्यांना डोळ्यांनी दिसते.

या कामात एका मुलीने मलाच चकित केले. तिला दिलेला शब्द 'नेऊन' हा होता. 'पेढा नेऊन दिला' याऐवजी 'पेढा दिला' असे म्हटले तर काय बदलेल? तिने लिहिले : "नेऊन द्यावा लागला म्हणजे धोंडू पेढे वाटले तेथे गेलाच नव्हता. आणि संध्याकाळपर्यंत तो आला नाही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते." हा उतारा मी स्वतः लिहिला होता, हे दुसरे वाक्य लिहिताना माझ्या मनात नव्हते. पण शब्दांत ते होते.

वर्गातील व्यवस्था

आता व्यवहाराचा प्रश्न. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे कसे करावे? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण त्यात आहे. परंतु प्रत्यक्षात दाटीचे वर्ग आजही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी व्यवस्था अगदी साधी होती. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक उताऱ्यासाठी तीन कामे तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावयाची. चिठ्ठीवर काम एकच, अट एकच आणि तपासण्याचे माप एकच. हात वर करणाऱ्याने तोंडी चाचणी देऊन एक चिठ्ठी उचलावयाची. उत्तर वहीच्या मागच्या पानांवर लिहावयाचे. नवी चिठ्ठी मागावयाची नाही. एका तासाला एक काम पुरे. एकदा लिहिलेल्या चिठ्ठ्या पुढील वर्षी पुन्हा उपयोगी पडतात, तेव्हा शिक्षकाचा वेळ काय तो पहिल्या वर्षी जातो.

दोन गोष्टी मात्र सांभाळल्या पाहिजेत. या कामाला गुण देऊ नयेत, पण ते वाचल्यावाचूनही राहू नये. ज्या कामाकडे शिक्षक कधीच पाहत नाहीत ते काम म्हणजे वेळ घालविणे आहे, हे मुले आठवड्याभरात ओळखतात. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत एका मुलाचा प्रश्न किंवा एकाचे वाक्य फळ्यावर लिहावे आणि सर्व वर्गापुढे ठेवावे. याने आणखी एक गोष्ट साधते. पेढा टाकून का दिला नाही, या प्रश्नाचे सर्वांत विचारी उत्तर त्या दिवशी शेवटच्या बाकावरील एका मुलाने दिले. त्याला स्वतः उतारा वाचावयास अर्धा तास लागला असता. त्याच्या शेजाऱ्याने मोठ्याने वाचला तेव्हा तो त्याला कळला होता. तेव्हापासून मी चिठ्ठ्यांना 'हुशार मुलांचे काम' असे म्हणणे सोडून दिले. वाचण्याचा वेग ही एक गोष्ट आहे आणि वाचलेल्याचा विचार ही दुसरी. त्या नेहमी एकाच बाकावर बसत नाहीत.

काम नीट लागू पडले की नाही, हे कसे ओळखावे? मुलाची नजर पाहावी. ते चिठ्ठी वाचून सरळ लिहू लागले तर काम सोपे आहे किंवा त्याचे उत्तर उताऱ्याबाहेरचे आहे. ते पुस्तक पुन्हा उघडते, एखाद्या ओळीवर थांबते, लिहिलेले खोडते, तर काम बरोबर आहे. आणि ते पहिल्याच मिनिटास चिठ्ठी बाजूस सारून खिडकीबाहेर पाहू लागले तर अट फार जाचक झाली आहे. पंधरा शब्दांचे पंचवीस करून पाहावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. आपल्याकडे पाचवीतील कित्येक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही; २००५ पासून निघणारे 'असर'चे अहवाल हेच सांगत आले आहेत. अशा स्थितीत जे पुढे आहेत त्यांची चिंता कशाला? मी याचे उत्तर वर्गाच्या घड्याळाकडे बोट दाखवून देईन. ज्या पंचवीस मिनिटांत चार-सहा मुले चिठ्ठ्यांवर काम करीत असतात, त्याच पंचवीस मिनिटांत शिक्षक पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसलेल्या मुलांजवळ जाऊन बसू शकतो. पुढच्यांना काही दिलेले नसेल तर ती गडबड करतात, आणि शिक्षकाचा वेळ त्यांना गप्प करण्यात जातो. म्हणजे या व्यवस्थेचा लाभ मागे राहिलेल्यांनाही होतो. बहुधा अधिकच होतो.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. पाठ्यपुस्तकातील प्रश्नच परीक्षेत येतात, मग हे कशाला? यास उत्तर परीक्षेनेच दिले आहे. माध्यमिक शाळांच्या कृतिपत्रिकांत आता आकलनाच्या कृतींबरोबर स्वमत मांडण्याची कृती असते, आणि तीत बरीच मुले गुण गमावितात. ती उताऱ्याच्या विषयावर एक पाठ केलेला लहान निबंध लिहितात : पूल म्हणजे प्रगती, प्रगती म्हणजे विकास. उतारा न वाचताही लिहिता येईल असे ते मत असते. ज्या मुलास दोन वर्षे "पुरावा कोठे आहे?" हा प्रश्न विचारला गेला आहे, त्याची लेखणी आपोआप उताऱ्याकडे वळते.

अर्थात या कामांना मर्यादा आहेत. प्रत्येक उतारा त्यांना योग्य नसतो. केवळ माहिती देणाऱ्या उताऱ्यात, समजा सूतगिरणीच्या वर्णनात, शब्द बदलण्याचे काम बळेच लादू नये. तेथे संक्षेप किंवा प्रश्न अधिक उपयोगी. तसेच हे काम रोज असू नये. आठवड्यातून दोन तास पुरेत. इतर दिवशी कपाटातील पुस्तक खुशाल द्यावे. चिठ्ठीचाही रतीब लागला की तिचे वाक्यांत उपयोग होण्यास वेळ लागत नाही.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली मुलगी सातवीनंतर शाळा बदलून गेली. माझ्या चिठ्ठ्या तिच्या वाट्याला आल्या नाहीत, कारण त्या तिच्या एका वाक्यानंतर तयार होऊ लागल्या आणि त्यांना रूप येईपर्यंत वर्ष संपले होते. तिच्या शेवटच्या वहीत पाचही उत्तरे अचूक होती, अक्षर वळणदार होते आणि पाने घंटेबरोबर संपत होती. तपासताना मी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला होता. आज तो शेरा मला खोडावासा वाटतो.